टाकीच्या रीडिंगला मूव्हिंग अ‍ॅव्हरेज बरा की रिकर्सिव्ह फिल्टर?

घोडबंदर_पंपरूम
ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी. गच्चीवरच्या टाकीत 0 ते 4 मीटरचा 4-20 mA लेव्हल ट्रान्समीटर टाकलाय. त्याची वायर डक्टमधून मोटरच्या केबलसोबतच खाली पंपरूममध्ये येते. तिथे 250 ओहमवर व्होल्टेज घेऊन ATmega328P वाचतो, म्हणजे एक काउंट साधारण 5 मिलिमीटर पाण्याचा. मोटर बंद असताना रीडिंग ठणठणीत असतं. चालू केली की ते साधारण 20 सेकंदांत 40 काउंट हळूहळू वर जाऊन खाली येतं. टाकी भरत आली की कॉन्टॅक्टर सारखा पडतो आणि उचलतो. सध्या `delay(100)` टाकून 16 रीडिंगचा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज घेतोय. एक मित्र म्हणतो, रिकर्सिव्ह फिल्टर लाव. खरंच फरक पडेल?

सोनाली_ऐरोली
लावाच. रोज फर्मवेअर लिहिते म्हणून ठामपणे सांगते, छोट्या कंट्रोलरवर मूव्हिंग अ‍ॅव्हरेजची सवय नकोच. 16 रीडिंगचा बफर, त्याचा इंडेक्स, बेरीज, एवढं सगळं सांभाळायचं आणि उद्या 64 रीडिंग हवी झाली की 128 बाइट गेले. तुमच्या चिपमध्ये 2 केबी रॅम आहे, पण ATtiny13 मध्ये सगळी मिळून 64 बाइट असते. रिकर्सिव्हला एकच व्हेरिएबल पुरतं:

```c
uint16_t acc;
acc += x - (acc >> 6);
y = acc >> 6;
```

बरेच जण `y += (x - y) >> 6` असं लिहितात. तसं लिहू नका. फरक 64 पेक्षा कमी उरला की शिफ्टनंतर शून्य येतं आणि पाणी चढत असताना रीडिंग 63 काउंट खालीच अडकतं. तुमच्या हिशेबाने हा फूटभर पाण्याचा फरक झाला. वरच्या कोडमध्ये अपूर्णांक `acc` मध्ये साठतो, त्यामुळे रीडिंग बरोबर जागेवर पोचतं. 10 बिटच्या एडीसीला 6 ची शिफ्ट 16 बिटमध्ये जेमतेम बसते, 7 बसत नाही.

आणि सुरुवातीला `acc = x << 6` करायला विसरू नका. नाहीतर लाइट जाऊन आली की फिल्टर शून्यापासून चढतो, त्याला टाकी रिकामी वाटते आणि भरलेल्या टाकीवर मोटर सुरू होते.

थर्ड_इयर_ईएक्सटीसी
ताई, पण 16 चा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आणि 1/16 चा रिकर्सिव्ह म्हणजे एकच ना? दोन्ही नॉइज सारखाच कमी करतात, फक्त रिकर्सिव्ह जुनं रीडिंग कधीच पूर्ण विसरत नाही. म्हणून अचूकतेला मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच चांगला.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
विसरण्याचा मुद्दा बरोबर आहे, बरोबरीचा नाही. नॉइज विस्कळीत असेल, म्हणजे एका रीडिंगचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल, तर 1/16 चा रिकर्सिव्ह 31 रीडिंगच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजइतका गुळगुळीतपणा देतो. 16 च्या जोडीला साधारण 1/8 येतो. लोक 16 आणि 1/16 शेजारी ठेवून बघतात, रिकर्सिव्ह जास्त शांत दिसतो आणि तो श्रेष्ठ आहे असं ठरवून टाकतात. प्रत्यक्षात त्यांनी त्याला दुप्पट वेळ दिलेला असतो.

पण या धाग्यातला मूळ प्रश्न वेगळा आहे. पंपरूमवाल्या दादांचं रीडिंग विस्कळीत नाही, ती संथ लाट आहे. अशा लाटेपुढे दोन्ही फिल्टर हतबल आहेत. 16 रीडिंगचा अ‍ॅव्हरेज 1.6 सेकंदांचा आणि लाट 20 सेकंदांची, मग 40 काउंटचे जवळजवळ 40 च राहणार. आहे त्याच वेगाने 1/16 चा रिकर्सिव्ह लावला तर साधारण 36 उरतील. मित्राचा सल्ला तसाच्या तसा मानला तर कॉन्टॅक्टर पडतच राहील.

आता ही लाट येते कुठून ते बघा. मोटरच्या केबलमधून 50 हर्ट्झ तुमच्या सिग्नलमध्ये शिरतो. तुम्ही दर 100 मिलिसेकंदांनी रीडिंग घेता, म्हणजे दोन रीडिंगच्या मध्ये 50 हर्ट्झची बरोबर 5 आवर्तनं. मग प्रत्येक रीडिंग त्या तरंगाच्या एकाच ठिकाणी पडलं असतं आणि तो तुम्हाला दिसलाच नसता. पण `analogRead()` स्वतः सुमारे 0.1 मिलिसेकंद घेतं, म्हणून अंतर 100.1 होतं आणि दर रीडिंगला तुम्ही तरंगावर किंचित पुढे सरकता. असं सरकत एक पूर्ण तरंग पार करायला 200 रीडिंग लागतात, म्हणजे 20 सेकंद. ग्रिडची फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात हलत असते, म्हणून हा आकडा बराच कमीजास्त होत राहील.

खात्री करायची असेल तर आज फक्त `delay(100)` चं `delay(97)` करा आणि फिल्टर न लावलेलं रीडिंग बघा. पाण्याची लाट असेल तर तशीच राहील. तरंगाची असेल तर ती संथ चढउतार जाऊन सेकंदाच्या आतली थरथर दिसेल.

वागळे_वायरमन
कोड नंतर बघा. मोटरच्या केबलसोबत सिग्नलची वायर टाकली कोणी? शील्डची ट्विस्टेड पेअर घ्या, वेगळ्या पाइपातून आणा, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. आणि एडीसीच्या पिनेआधी 10 के आणि 10 मायक्रोफॅरड लावा. 40 चा 50 हर्ट्झ एक-दीड काउंटवर येतो. वागळे इस्टेटमधली जुनी पॅनेलं अशीच चालतात, त्यात सॉफ्टवेअर फिल्टर नसतोच.

कोपरखैरणे_गच्ची
माझाही हाच प्रॉब्लेम! आमच्या रो हाउसच्या टाकीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. 120 सेंटिमीटर दाखवतो आणि मध्येच एकदम 0. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज 10 वरून 30 केला तरी जात नाही. मीही 97 करू का?

सोनाली_ऐरोली
दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे प्रतिध्वनी हुकतो म्हणून 0 येतो, त्याला मोटरच्या तरंगाशी काही देणंघेणं नाही. 10 च्या अ‍ॅव्हरेजमध्ये एक 0 आला की पुढची 10 रीडिंग 12 सेंटिमीटर कमी दिसतात. 30 केलंत तर 4 सेंटिमीटर कमी, पण 30 रीडिंगपर्यंत. रिकर्सिव्हनेही तो 0 पोटात घेतलेलाच असतो. शेवटची 5 रीडिंग चढत्या क्रमाने लावा आणि मधलं घ्या. एकटादुकटा 0 तिथेच गळतो. मग हवा तो फिल्टर लावा.

रबाळे सर, लाटेचं मान्य. पण त्यावरचा उपाय वेगाने रीडिंग घेणं हा आहे, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज नाही. टायमरवर दर 2 मिलिसेकंदांनी रीडिंग आणि माझा 1/64 चा फिल्टर, एवढ्यात 40 काउंटचा तरंग एका काउंटवर येतो. फिल्टरला बदल पचवायला अर्धा सेकंदही लागत नाही. टाकी काय अर्ध्या सेकंदात भरते?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
आकडा बरोबर आहे. तरीही मी इथे मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच घेईन, कारण शत्रू कोण ते आपल्याला माहीत आहे. 50 हर्ट्झचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. दर 2 मिलिसेकंदांनी 10 रीडिंग घेऊन सरासरी काढली की तरंगाचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि शिल्लक जवळजवळ शून्य राहते. 10 च्या जोडीचा रिकर्सिव्ह, म्हणजे 2/11 चा, त्याच 50 हर्ट्झमधला 31 टक्के आत सोडतो. तो एक काउंटवर आणायला तुम्हाला 1/64 पर्यंत जावं लागलं. मी तेच काम 20 मिलिसेकंदांत करतो, आणि पुढचा पूर्ण सेकंद कंट्रोलर मोकळा.

```c
uint16_t s = 0, t = micros();
for (uint8_t i = 0; i < 10; i++) {
  while ((uint16_t)(micros() - t) < 2000) ;
  t += 2000;
  s += analogRead(A0);
}
```

बफरही लागत नाही, कारण खिडकी सरकवायची नाहीये. बेरीज 10230 च्या वर जात नाही. 10 ने भागायच्या ऐवजी ती तशीच तुमच्या रिकर्सिव्हला द्या, शिफ्ट 2 ठेवा. पाण्याच्या हलण्यासाठी मला तुमचाच फिल्टर आवडतो.

थर्ड_इयर_ईएक्सटीसी
पण सर, ग्रिड 49.95 वर असेल तर खिडकी बरोबर 20 मिलिसेकंदांची राहणार नाही. मग शून्य कसं येईल?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
चांगलं विचारलंस. जितकी चूक वेळेत, साधारण तितकाच तरंग शिल्लक. ग्रिडची चूक एक दशांश टक्का, तर 40 मधले 0.04. उनोच्या बोर्डावर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याचं घड्याळ अर्धा टक्का चुकलं तरी 0.2 काउंट. खिडकी भलतीच चुकली तर मात्र फायदा जातो. 10 च्या ऐवजी 8 रीडिंग घेतलीस, 16 मिलिसेकंदांची, की जवळजवळ चौथा हिस्सा परत येतो. दोनाच्या घातांकाचा मोह इथे नको.

सोनाली_ऐरोली
याच नाजूकपणामुळे मला ते पटत नाही. उद्या कोणी लूपमध्ये एक `Serial.println()` घातलं की 2 मिलिसेकंदांचं अंतर बिघडू शकतं आणि कोणाला कळणारही नाही. 1/64 असलं सगळं सहन करतो. वजनकाट्याला, जिथे पाव सेकंदात आकडा स्थिर हवा, तिथे तुमची खिडकी मी आनंदाने घेईन. टाकीला नाही.

वागळे_वायरमन
दोघांनाही विचारतो, मोटर चालू आणि बंद करायचा आकडा एकच आहे का? असेल तर फिल्टर कुठलाही लावा, पाणी हललं की कॉन्टॅक्टर पडणारच. दोन आकड्यांत निदान 30 सेंटिमीटर ठेवा.

घोडबंदर_पंपरूम
97 करून पाहिलं. संथ लाट गेली, जोरात थरथर सुरू झाली, म्हणजे तरंगच. मग 10 रीडिंगची खिडकी आणि मागे शिफ्ट 2 लावली. मोटर चालू असताना आता एक-दोन काउंट हलतं. चालू-बंदचे आकडेही वेगळे केले. वायर बदलायला सेक्रेटरींची परवानगी मागितली आहे. एकच राहिलंय. लिफ्ट सुटताना रीडिंग अधूनमधून 10-15 काउंटने उडी मारतं.

वागळे_वायरमन
लिफ्टचा ड्राइव्ह. शील्ड, दुसरं काही नाही.

सोनाली_ऐरोली
किंवा वर सांगितलेली मधल्या रीडिंगची युक्ती. 10 रीडिंग आहेतच, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान वगळून टाका.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
तसं केलंत तर वरचं आणि खालचं एकमेकांना खातात ते गणित मोडेल आणि 50 हर्ट्झ थोडा परत येईल. किती, ते मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. दादा, आधी लिफ्ट सुटताना ती 10 कच्ची रीडिंग एका ओळीत छापून इथे टाका. छपाई लूप संपल्यावर करा, आत नको. एकच रीडिंग उडत असेल तर ताईंचा उपाय बघू, सगळी 10 वर गेली असतील तर वायरमन म्हणतात ते आधी.