मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये राजमा आणि काबुली चणे एकत्र कसे शिजवावेत?

२०० ग्रॅम राजमा आणि २०० ग्रॅम काबुली चणे एकाच भांड्यात मंद शिजवायचे आहेत. दोन्ही वेगवेगळे, तिप्पट पाण्यात १० ते १२ तास भिजवले आहेत. दाणा मधोमध फोडला तर आत पांढरा, कोरडा ठिपका दिसत नाही, म्हणजे पाणी गाभ्यापर्यंत पोचलंय. तसं नसेल तर बाहेरून सालं सुटतात आणि आत दाणा कचकचीत राहतो.

अडचण राजम्याची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. स्लो कुकरमध्ये पाणी बरेचदा तितकं तापत नाही, आणि ८० अंशांच्या आसपास तर विषारीपणा उलट वाढू शकतो. दाणा मऊ झाला म्हणजे तो सुरक्षित झाला, असं नाही. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात राजमा गॅसवर ३० मिनिटं उकळायचा, वेळ मोजायची ती बुडबुडे जोरात यायला लागल्यावर, आणि तेही पाणी ओतून टाकायचं असं ठरवलंय. (किमान १० मिनिटं सांगतात, पण ३० जास्त खात्रीची.)

आता प्रश्न: एवढं उकळल्यावर राजमा अर्धा शिजलेला असेल. मग चणे आधी किती वेळ उकळून घ्यावेत, म्हणजे दोन्ही एकदम मऊ होतील? आणि टोमॅटो कधी घालावा? आंबट लवकर पडलं की दाणे निबर राहतात.