मदत हवी आहे : ‘रमी’ अडवावी, ‘गरमी’ नको

नमस्कार मंडळी. सोलापूरकरांच्या एका मोठ्या टेलिग्राम ग्रुपचे व्यवस्थापन मी पाहतो. रमीच्या जाहिराती थांबवण्यासाठी पायथॉनमध्ये लिहिलेल्या बॉटच्या निषिद्ध यादीत ‘रमी’ हा शब्द टाकला, तर ‘गरमी फार वाढली आहे, पाणपोई कुठे आहे?’ असे साधे संदेशही उडू लागले, कारण बॉट अक्षरांचा तुकडा शोधतो, पूर्ण शब्द नव्हे. (सोलापुरात गरमीचा विषय टाळून बोलणार तरी किती!)

म्हणून हा नमुना लावला:

```
\bरमी\b
```

आता ‘गरमी’ सुटते, पण ‘रमी खेळा’ हेही सुटते आणि ‘रमीत’ मात्र अडते. पायथॉनचे `re` वेलांटीला शब्दातील अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मी’नंतर जागा आली की तिथे शब्दाची सीमा सापडतच नाही. पुढचा पर्याय असा:

```
(?<![\u0900-\u097F])रमी(?![\u0900-\u097F])
```

याने ‘रमी खेळा’ अडते. परंतु ‘रमीचा’, ‘रमीवर’ ही रूपे निसटतात, आणि दंडही याच पट्ट्यात येत असल्याने ‘रमी।’ सुद्धा निसटते.

प्रत्ययांची यादी नमुन्यातच जोडावी का? की केवळ शब्दावरून संदेश न उडवता, निषिद्ध शब्द, लिंक आणि नवा सदस्य या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो काढावा, आणि एरवी फक्त व्यवस्थापकांना कळवावे? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, मात्र जुन्या सदस्याचे खाते बळकावून जाहिरात टाकली गेल्यास तो अपुरा पडेल. मराठी ग्रुपमध्ये हे कोणी प्रत्यक्ष चालवले असल्यास आपला नमुना कृपया इथे द्यावा.