मदत हवी आहे: बाबांच्या एफडीवर नॉमिनी काका आहेत, पैसे कोणाचे?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला सक्करदऱ्यात राहतो. बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांची ६ लाखांची एफडी आहे, नॉमिनी मात्र धाकटे काका. लग्नाआधी भरलेलं नाव, नंतर बदलायचं राहूनच गेलं. मृत्युपत्र नाही.

बँक म्हणते, पैसे नॉमिनीलाच देऊ. तेवढं मला समजतं, कारण नॉमिनीला दिले की बँकेची जबाबदारी संपते. पण नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे स्वीकारतो, असं सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. हिंदू वारसा कायद्याने आई, मी, ताई आणि आजी असे चौघे वारस, म्हणजे प्रत्येकी दीड लाख. आजीचाही हिस्सा असतो हे मला आत्ताच कळलं.

काका भला माणूस आहे, द्यायला तयार आहे. पण त्यांच्या खात्यातून आमच्याकडे पैसे येताना काय लिहून घ्यावं? ती भेट समजली जाऊ नये, एवढीच काळजी. नोटरी केलेला करार पुरतो का?

आईच्या खात्यावर मात्र आता लगेच डीए-१ फॉर्म भरतोय. ताई आणि मी, दोघांची नावं टक्केवारीसह टाकता येतात ना? नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी चालतात. कोणी तसा फॉर्म भरला असेल तर कृपया सांगा.