भिंतीवरचं पोस्टर मोबाईलच्या चौकोनात कसं बसवलंत? अनुभव सांगा

नवरात्र तोंडावर आलंय. आमच्या मंडळाचं १८ बाय २४ इंचाचं पोस्टर छापून चौकात लागलंसुद्धा. देवीचा मुखवटा, नऊ दिवसांचे कार्यक्रम, महाप्रसाद, खाली कार्यकारिणीचे फोटो, सगळं आहे. तेच पोस्टर ग्रुपवर टाकलं, तर लोक खालीच विचारायलेत, "कीर्तन किती वाजता?" वेळ पोस्टरवर ठळक आहे, पण मोबाईलवर कुणाला दिसेना. आता चौकोनी करायचंय. तुम्ही काय ठेवलं, काय काढलं, कुठं अडलं, ते लिहा. ॲपची नावं नकोत, अनुभव हवेत.
– जोगाईकर, अंबाजोगाई

फ्लेक्सवाला, लातूर
आमच्या दुकानात या दिवसांत रोज हीच मागणी असते, "भाऊ, हेच जरा चौकोनी करून द्या." करून देता येतं, पण त्याचं काय होतं ते आधी बघा. १८ बाय २४ चं पोस्टर उभं असतं. ते आहे तसं चौकोनात बसवलं तर १०८० पिक्सेलच्या रुंदीपैकी ८१० च वापरात येतात, दोन्ही बाजूंना पट्ट्या रिकाम्या राहतात. चॅटमध्ये चित्र साधारण पाच सेंटिमीटरचं दिसतं. म्हणजे आपलं ४५ सेंटिमीटर रुंदीचं पोस्टर पावणेचार सेंटिमीटरात आलं, बाराव्या हिश्श्यात. भिंतीवरचं अर्ध्या इंचाचं अक्षर तिथं एक मिलिमीटरचं होतं. कीर्तनाची वेळ त्याच अक्षरात असते.

म्हणून मी पोस्टर लहान करत नाही, कोरी चौकोनी पाटी घेऊन नव्याने मांडतो. जोगाईकर, तुमच्यासारखंच एक काम गेल्या वर्षी आलं होतं, ते सांगतो. पोस्टरवर नऊ दिवसांचं कोष्टक होतं: कीर्तनकार, आराध्यांची गाणी, गोंधळ, आरोग्य शिबिर, शेवटी महाप्रसाद. हे एका चौकोनात मावणारच नाही. मग मुख्य चौकोनात चारच गोष्टी घेतल्या. वर महोत्सवाचं नाव, मधोमध "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, रोज सायंकाळी ७ वाजता", त्याखाली ठिकाण, आणि मुखवट्याचा फोटो उजवीकडे. फोटोची मागची सजावट कापून टाकली. भिंतीवर ती शोभते, इथं अक्षरांची जागा खाते. रोजच्या कार्यक्रमाचे वेगळे चौकोन केले आणि आदल्या संध्याकाळी एकेक पाठवायला सांगितलं. मांडणी सगळ्यांची एकच, फक्त वार, तारीख आणि नाव बदलायचं. पुढचे चौकोन त्यांच्याच पोरांनी केले.

मापं माझी अशी: १०८० च्या चौकोनात तारीख-वेळ शंभरच्या आसपास, ठिकाण साठ, आणि चाळीसच्या खाली एकही अक्षर नाही. चाळीसच्या खाली गेलं की आधी अनुस्वार आणि रफार जातात. "१" आणि "९" तर ओळखू येत नाहीत. ९ तारखेला यायचं माणूस १ ला येऊन बसतं.

गोदाकाठ, नांदेड
फ्लेक्सवाले भाऊंनी बरोबर सांगितलं, पण एक राहिलं. फाइल ३०० डीपीआयला काढा. ७२ ला काढली की फाटते. माझं सगळं काम ३०० ला असतं आणि अक्षर एकदम कडक दिसतं.

फ्लेक्सवाला, लातूर
गोदाकाठ, तुमचं काम कडक दिसतं, त्याचं कारण वेगळं आहे. मोबाईल डीपीआय बघत नाही, पिक्सेल बघतो. १०८० बाय १०८० चं चित्र ७२ असो की ३००, पडद्यावर सारखंच. पण तुम्ही कोरलमध्ये पान सेंटिमीटरात घेत असणार. ९.१४ सेंटिमीटरचं पान ३०० ला काढलं की बरोबर १०८० पिक्सेल येतात. तेच पान ७२ ला काढलं तर २५९ च येतात, मग फाटणारच.

गोदाकाठ, नांदेड
हाव, सेंटिमीटरातच घेतो. पण ३०० ची सवय मी काही सोडणार नाही. नुकसान तर नाही ना?

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर
नुकसान नाही. मी वर्तमानपत्राच्या जाहिराती लावायचे, आता घरून कामं घेते. माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रार रंगाची येते. छपाईची फाइल सीएमवायकेमध्ये असते. तीच जेपीजी काढून पाठवली की काही मोबाईलवर भगवा विटकरी दिसतो, तर काहींवर गुलाल अगदी भडक होतो. काढतानाच आरजीबी निवडायचं.

दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. हिरव्या शालूच्या फोटोवर लाल अक्षरात तारीख, असं काम आलं होतं. माझ्या पडद्यावर छान. व्हॉट्सॲपवरून गेलं आणि अक्षरांच्या कडा पसरल्या, जणू ओल्या कागदावर शाई फुटली. चित्र आवळताना रंगाचा तपशील आधी उडवला जातो, उजेड-अंधाराचा बराच टिकतो. लाल आणि हिरवा, दोघंही सारखेच गडद, म्हणजे फरक फक्त रंगाचा होता, तोच उडाला. मी अक्षरं पिवळसर पांढरी केली आणि मागं गडद तपकिरी पट्टी दिली, लगेच सुटली. चाचणी सोपी आहे. चित्र करडं करून बघा. करड्यात वाचता आलं तर पाठवल्यावरही येतं. मग स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर पाठवून, उतरवून घेऊन, उन्हात उभं राहून बघा. आपल्याकडे लोक चौकात नाहीतर शेताच्या बांधावर मोबाईल बघतात, एसीत नाही.

पोरगं धाराशिवचं
मला एक विचारायचं होतं. बहिणीच्या लग्नाची पत्रिका स्टेटसला टाकली तर वरचं गणपतीचं चित्र आणि खालचं कार्यालयाचं नाव दोन्ही कापलं जातंय. काय करू?

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर
दादा, स्टेटस उभं असतं, ९ बाय १६. इथं चौकोनाचं चाललंय. पण तुमचा मुद्दा इथंही लागू आहे. पत्रिका चौकोनी करून टाका. वर-खाली काळी जागा राहील, पण काही कापलं जाणार नाही.

पोरगं धाराशिवचं
काळी पट्टी लग्नाला चालंना म्हणते आई.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर
मग ९ बाय १६ चं कोरं चित्र घ्या, त्याला पत्रिकेचाच पिवळा रंग भरा आणि त्यावर चौकोन मधोमध ठेवा. आईंना सांगा.

वारकरी, परभणी
मी डिझाइनवाला नाही. आमच्या गावच्या सप्ताहाची जाहिरात मुलं करतात आणि मी वाचून दाखवतो. माझं म्हणणं ठिकाणाबद्दल आहे. पोस्टर गावातल्या पारावर लागतं, त्यावर "स्थळ : मारुती मंदिर" एवढं पुरे, कारण वाचणारा गावातच उभा आहे. मोबाईलवरचं चित्र मात्र गाव सोडून जातं. पुण्यातले पाहुणे, शेजारच्या तालुक्यातली मंडळी, सगळ्यांकडे. पिंपळगाव, वडगाव, धानोरा ही नावं प्रत्येक तालुक्यात सापडतात. आमच्याच नावाच्या दुसऱ्या गावी दोन जीपा भरून लोक गेले होते. तेव्हापासून चौकोनात गाव, तालुका, जिल्हा तिन्ही असतात, भले देवाचा फोटो लहान होवो.

तसंच तिथीचं. तिथी लिहा, पण तारीख, वार आणि साल सोडू नका. जोगाईकरांना सांगायला नको, अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्षातही असतो. नुसतं "शुद्ध अष्टमी" म्हटलं तर आश्विनातली की मार्गशीर्षातली? शिवाय साल नसलेलं चित्र पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा फिरवतं आणि लोक गेल्या वर्षीच्या कीर्तनकारांची वाट बघत बसतात.

जोगाईकर, अंबाजोगाई
वारकरी काका, हे लगेच घेते. आमच्या पोस्टरवर साल फक्त "वर्ष २१ वे" असं आहे. पण खरी अडचण अजून कुणी काढली नाही, फोटोंची. खालच्या पट्टीत चौदा चेहरे आहेत. चौकोनात घेतले तर एकेक चेहरा नखाएवढाही येत नाही. काढले तर वर्गणी देणारे विचारतील.

फ्लेक्सवाला, लातूर
ताई, हा प्रश्न कोरलचा नाही. मी दुसरा चौकोन "सौजन्य" म्हणून करतो, त्यात सगळे फोटो मोठे आणि नावं वाचता येतात. पहिल्या चौकोनाबरोबर जोडीनं पाठवायचा. बरेच जण खूश होतात, कारण पोस्टरवर त्यांचा चेहरा एवढा मोठा कधीच नसतो.

उस्मानपुऱ्याचा
जोडीनं पाठवलं तरी पुढं जाताना पहिलाच चौकोन जातो, दुसरा कुणी ढकलत नाही. आमच्या गणेश मंडळात यावरून भांडण झालं. शेवटी अध्यक्षांचा एक फोटो पहिल्यात राहिला. बाकीचे नाराज ते नाराजच.

आणि एक. पोरांनी तोच चौकोन ग्रुपचा डीपी केला. डीपी गोल कापतो. आम्ही तारीख वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली होती, तीच गेली. आता कोपऱ्यात फक्त तोरण आणि फुलं ठेवतो. इन्स्टावालेही म्हणतात की तिथल्या प्रोफाइलच्या जाळीत चौकोनाच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. म्हणजे मजकूर मधोमधच बरा.

गोदाकाठ, नांदेड
क्यूआर कोडचं काय करता? पोस्टरवर देणगीचा असतो.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर
भिंतीवर ठीक आहे, समोर मोबाईल धरला की झालं. पण जो मोबाईल चित्र दाखवतोय, त्याच मोबाईलनं त्याच चित्रावर कॅमेरा कसा धरणार? काहींना गॅलरीतून वाचता येतो, सगळ्यांना जमत नाही. मी चौकोनातून कोड काढते आणि चित्राखालच्या मजकुरात नंबर, नकाशाची लिंक आणि वेळ टाइप करते. चित्रातला नंबर दाबता येत नाही, मजकुरातला येतो. पुन्हा शोधायचं झालं तर "कीर्तन" टाकून तो मजकूर सापडतो, चित्र सापडत नाही.

वारकरी, परभणी
मजकूरच सगळं सांगत असेल तर चित्र कशाला, असं आमच्याकडचे काही जण म्हणतात.

उस्मानपुऱ्याचा
काका, मजकूर पुढं ढकलताना कुणीतरी खोडतं, नाहीतर आपलं नाव घालतं. चित्राला तसं सहज करता येत नाही. मला वाटतं, तारीख, वेळ आणि गाव दोन्हीकडे हवं.

फ्लेक्सवाला, लातूर
ताई, मुखवट्याच्या फोटोची मूळ फाइल आणि कोष्टक टाइप केलेलं पाठवा. पोस्टरचा मजकूर श्रीलिपीत असेल तर तुमच्या मोबाईलवर तो इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, त्यामुळे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावाच लागतो. आणि टाइप झाल्यावर वारकरी काकांसारख्या कुणाकडून तारीख-वार जुळतात का ते एकदा वाचून घ्या. चुकीचा वार मी दरवर्षी पकडतो.

जोगाईकर, अंबाजोगाई
पाठवते. सौजन्याच्या चौकोनाचं उद्या बैठकीत काढते, काय ठरतं ते इथंच लिहीन.