‘सक्सेसिव्ह ॲप्रॉक्सिमेशन रजिस्टर’मधले ‘रजिस्टर’ नेमके कोणते?

प्रश्न: या ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरच्या नावात फक्त ‘रजिस्टर’ आहे, मात्र त्याची आकृती काढताना सगळे जण शेजारी ‘फायनाइट स्टेट मशीन’चा वेगळा चौकोन काढतात. मग या नावात नियंत्रणही अभिप्रेत आहे, की केवळ साठवण?

प्रतिसाद १: केवळ साठवण. रजिस्टर बिट धरून ठेवते आणि कोणता बिट राहील हे स्टेट मशीन ठरवते.

प्रतिसाद २: साठवणीबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु बिट राहील की जाईल हे स्टेट मशीन ठरवत नाही, ते कम्पॅरेटर ठरवतो. स्टेट मशीन फक्त पाळी सांभाळते. चार बिटांचा कन्व्हर्टर घेऊ. संदर्भ व्होल्टेज ३.२, म्हणजे एक पायरी ०.२ व्होल्टची, आणि इनपुट २.१ व्होल्ट. प्रथम 1000 लावून पाहिले की डॅक १.६ देतो, इनपुट त्याहून जास्त असल्याने तो बिट राहतो. 1100 म्हणजे २.४, म्हणून दुसरा बिट उतरतो. 1010 म्हणजे २.०, तिसरा राहतो. 1011 म्हणजे २.२, चौथा उतरतो आणि उत्तर 1010 येते. प्रत्येक क्लॉकला मागच्या बिटाचा निकाल लावणे आणि पुढचा बिट चाचणीसाठी चढवणे ही दोन कामे एकदमच होतात:

```verilog
code <= (cmp ? code : code & ~mask) | (mask >> 1);
mask <= mask >> 1;
```

येथे `mask` हेसुद्धा रजिस्टरच आहे, आणि त्यातला सरकणारा एकुलता एक 1 हीच रूपांतरणाची ‘स्टेट’ आहे. म्हणूनच, माझ्या मते, या नावातल्या ‘रजिस्टर’मध्ये साठवण आणि पाळी दोन्ही येतात, वेगळ्या चौकोनात सॅम्पल घेणे, सुरुवात करणे आणि पूर्ण झाल्याचे कळवणे एवढेच उरते.

प्रतिसाद ३: मला वाटले होते की प्रश्न प्रोसेसर वाचतो त्या रजिस्टरबद्दल आहे, कारण माझी अडचण तिथलीच आहे. इनपुट काहीही दिले तरी माझे उत्तर कायम विषम येते.

प्रतिसाद २: वाचायचे रजिस्टर याहून वेगळे असते, पण आपल्या अडचणीचे मूळ पाळीतच दिसते. `mask` 0001 असताना शेवटचा बिट केवळ चाचणीसाठी चढलेला असतो, त्याचा निकाल पुढच्या क्लॉकला लागतो. त्याच क्लॉकला `code` उचलला, तर वरच्या उदाहरणात 1010 ऐवजी 1011 हाती येईल, आणि शेवटचा बिट कधीच 0 दिसणार नाही. `mask` 0000 झाल्यावर उचलून पाहा.

प्रतिसाद ३: तसे केल्यावर सम आकडेही येऊ लागले. मात्र इनपुट १.६ च्या किंचित वर असले की मधूनच 0111 येते.

प्रतिसाद २: तो दोष बहुधा लॉजिकचा नाही. डॅक स्थिरावण्यापूर्वी निकाल घेतला आणि पहिला बिट चुकून उतरला, तर पुढचे तिन्ही बिट चढूनही ती तूट भरून निघत नाही. क्लॉक मंद केल्यावर 0111 नाहीसे झाले, तर कारण हेच.

प्रतिसाद १: पाळी `mask` ऐवजी काउंटरने मोजली, तरी त्याला याच नावात धरायचे का? मला ते अजून पटत नाही.