मदत हवी आहे: लग्नाला नेमके किती दिवस झाले? तीन ठिकाणी तीन आकडे

तलावपाळी_कट्टा
परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस. नवऱ्याला मेसेजमध्ये दिवसांचा नेमका आकडा टाकायचाय, पण आकडाच जमेना. गूगल शीटमध्ये ५०८४ आले, भावाने तोंडी ५११० सांगितले आणि फोनवरच्या एका अॅपमध्ये ५११५. नवरा सीए आहे, एक दिवस जरी चुकला तरी वर्षभर ऐकवेल. कोणता बरोबर? पटकन सांगा, उद्यापासून परत लोकल आणि ऑफिस.

घोडबंदरवासी
लग्न कधी झालं ते तरी सांगा.

तलावपाळी_कट्टा
१४ वर्षं होतील.

घोडबंदरवासी
ताई, तारीख!

तलावपाळी_कट्टा
६ मे २०११. अक्षय्य तृतीया होती, घरातल्यांनी तोच दिवस धरला होता. आता सांगा.

कोपरीकर
सोपं आहे. वर्षाचे तीनशे सव्वापासष्ट दिवस. ३६५.२५ गुणिले १४ म्हणजे ५११३.५. तेव्हा ५११३ किंवा ५११४, काहीही लिहा. एका दिवसाने काय फरक पडतो?

नेरुळ_सेक्टर२०
कोपरीकर, त्यांनी 'नेमका' लिहिलंय. आणि हा अर्धा दिवस सीए नवऱ्याला कसा समजावायचा? पाव दिवस ही सरासरी झाली. प्रत्यक्षात दिवस वाढतो तो २९ फेब्रुवारीला, अख्खा. मग ६ मे २०११ ते ६ मे २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी किती वेळा आली तेवढंच मोजायचं: २०१२, २०१६, २०२० आणि २०२४. चार. ३६५ गुणिले १४ झाले ५११०, त्यात ४ मिळवले की ५११४. ताईंच्या भावाने हे चार दिवसच सोडलेत.

कोपरीकर
मग माझा ५११४ बरोबरच होता की.

नेरुळ_सेक्टर२०
तुमचा ५११३ सुद्धा होता.

तलावपाळी_कट्टा
५११४ कुठेच आला नव्हता मला! आणि शीटमध्ये ३० दिवस कमी कसे? कॉम्प्युटर चुकेल का?

नेरुळ_सेक्टर२०
शीटमध्ये काय काय टाइप केलंत, जसंच्या तसं लिहा.

कल्याणफाटा_काकू
अगं, अक्षय्य तृतीयेचं लग्न ना तुझं? मग यंदाची तृतीया ३० एप्रिललाच झाली की, बुधवारी. तुमचा वाढदिवस होऊन गेला. आमच्याकडे तिथीच धरतात. मेसेजबिसेज जाऊ दे, त्याला पुरणपोळी करून घाल.

घोडबंदरवासी
काकू, तिथीने धरलं तरी दिवस मोजावेच लागतील. ६ मे २०११ ते ३० एप्रिल २०२५ होतात ५१०८. अधिक महिन्यांमुळे तिथी पुढे-मागे सरकते, म्हणून हा आकडा दर वर्षी इंग्रजी तारखेशी जुळणार नाही.

कल्याणफाटा_काकू
मी मोजायला सांगितलंच नव्हतं. पुरणपोळीचं म्हटलं.

तलावपाळी_कट्टा
काकू, तारखेनेच करतो आम्ही. शीटमध्ये A1 मध्ये `6/5/2011` टाकलं आणि दुसरीकडे हे:

```
=TODAY()-A1+2
```

परवाचा आकडा हवा म्हणून २ मिळवले.

नेरुळ_सेक्टर२०
इथेच आहे गोम. A1 कडे बोट दाखवून विचारा की तू नक्की कुठली तारीख समजलास:

```
=TEXT(A1,"d mmmm yyyy")
```

तलावपाळी_कट्टा
5 June 2011! आमचं लग्न जूनमध्ये??

नेरुळ_सेक्टर२०
शीटचं Locale अमेरिकेचं असेल, तिथे महिना आधी लिहितात. ६ मे ते ५ जून बरोबर ३० दिवस, तेच तुमचे हरवलेले. गंमत म्हणजे तुम्ही TODAY न वापरता दुसरी तारीखही `6/5/2025` अशी टाइप केली असती, तर दोन्ही तारखा जूनच्या झाल्या असत्या आणि उत्तर ५११४ आलं असतं. चूक होती तशीच राहून झाकली गेली असती. लग्न १६ मेचं असतं तर लगेच कळलं असतं, कारण सोळावा महिना नसतो. शीटने ती तारीख मानलीच नसती, नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटवली असती आणि वजाबाकीत `#VALUE!` दिला असता. घोळ होतो तो १ ते १२ तारखांचाच.

सीवूड्स_सुट्टीवर
File > Settings मध्ये जाऊन Locale भारताचं करा, झालं काम.

नेरुळ_सेक्टर२०
नाही होणार. आत साठवलेली तारीख ५ जूनच राहते, फक्त दिसायला 05/06/2011 अशी उलटी दिसेल. Locale बदलल्यावर तारीख पुन्हा टाइप करावी लागेल. त्यापेक्षा वर्ष, महिना, दिवस अशी फोड करून द्या, म्हणजे कुठल्याच देशात गोंधळ नाही:

```
=DATE(2025,5,6)-DATE(2011,5,6)
```

खात्री करायला वार बघा. लग्न शुक्रवारी होतं, परवा मंगळवार आहे, म्हणजे वार चार दिवस पुढे. ५११४ ला ७ ने भागलं की बाकी ४ उरते. जुळलं. ५०८४ ची बाकी २ येते, म्हणजे रविवार निघाला असता. अर्थात बरोबर सात-चौदा दिवसांची चूक या तपासणीत सापडत नाही.

तलावपाळी_कट्टा
शुक्रवारच होता, अल्बमवर लिहिलंय. आला ५११४. पण मग अॅपमधला ५११५?

घोडबंदरवासी
अॅप लग्नाचा दिवसही धरतंय. माझ्या मते तेच बरोबर. लग्नाच्या दिवशी तुम्ही विवाहित नव्हता का?

नेरुळ_सेक्टर२०
होत्या, पण त्या दिवशी लग्नाला एक दिवस 'झाला' नव्हता. मुदत ठेवीत पैसे भरल्याचा दिवस धरतात, काढल्याचा नाही, दोन्ही टोकं कोणी धरत नाही. सीएला हे लगेच पटेल.

घोडबंदरवासी
लग्न म्हणजे मुदत ठेव नव्हे साहेब.

सीवूड्स_सुट्टीवर
दोघंही बरोबर, वाक्य बदला. 'लग्नाला ५११४ दिवस झाले' किंवा 'आज आपल्या संसाराचा ५११५वा दिवस'. फक्त '५११५ दिवस पूर्ण' असं लिहू नका.

कोपरीकर
मुहूर्त किती वाजताचा होता? दुपारचा असेल तर रात्री बाराला मेसेज पाठवल्यावर ५११४ पूर्ण कुठे होतात? ५११३ आणि काही तास होतात. मी पहिल्यांदा ५११३.५ म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं.

तलावपाळी_कट्टा
दुपारी १२:२० चा होता. आता तासांचं काढू नका हो!

वाशी_वास्तव्य
आमचं नोंदणी लग्न आधी आणि विधी चार महिन्यांनी. दाखल्यावर एक तारीख, पत्रिकेवर दुसरी. बायको म्हणते विधीची खरी, सरकारी कागदांवर दाखल्याची लिहावी लागते. आम्ही कुठली धरावी?

कल्याणफाटा_काकू
दोन्ही दिवशी गोड करा.

नेरुळ_सेक्टर२०
वाशीकर, मेसेज बायकोला पाठवणार ना? मग ती म्हणते ती. फक्त कोणत्या तारखेपासून मोजलंत ते मेसेजमध्ये लिहा.

तलावपाळी_कट्टा
असा लिहिलाय: 'शुक्रवार, ६ मे २०११ पासून आज मंगळवारपर्यंत ५११४ दिवस. चारही २९ फेब्रुवारी धरल्या आहेत, तपासून घे.' १२:२१ ला पाठवते, म्हणजे कोपरीकरही खूश. सगळ्यांचे आभार, काकू तुमचेही.

कोपरीकर
१२:२१ ला बरोबर.

घोडबंदरवासी
५११५वा दिवस लिहिलं असतं तर जास्त छान वाटलं असतं. असो.

मीरारोड_मंदार
धागा वरवर वाचला. सासू-सासऱ्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी चारोळी आहे का कोणाकडे?