नोकरीची जाहिरात बदलून लिहिलीत का कधी? अनुभव सांगा

मंजिरी_के
काल रद्दी उपसताना टिळक रोडच्या आमच्या ऑफिसची करोनानंतरची जाहिरात सापडली. मीच लिहिलेली! "अकाउंट असिस्टंट पाहिजे. मेहनती, दबावाखाली काम करणारा. पगार योग्यतेनुसार. वेळ न पाळणाऱ्यांनी तसदी घेऊ नये." नऊ जण आले, सात पगार ऐकून उठले. एक मुलगी जाता जाता म्हणाली, "मॅडम, दबाव म्हणजे नक्की काय हो?"

खरंच, काय? 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी हे जीएसटीचे रिटर्न भरायचे, एवढाच. मग तेच लिहिलं: "महिन्याच्या 9 ते 11 आणि 18 ते 20 ला रात्रीचे आठ वाजतात, वडापाव ऑफिसचा. एरवी साडेसहाला सुट्टी. टॅलीत एंट्री यायला हवी, रिटर्न आम्ही शिकवू. पगार 18 ते 21 हजार." फोन कमी आले, पण पगार ऐकून कुणी उठलं नाही.

सुहास६१
21 लिहिलंत की सगळे 21च मागणार.

मंजिरी_के
मागितले ना! आता "सुरुवात 18, स्वतः रिटर्न भरायला लागलात की 21" असं लिहिते.

वैभव_पी
पगार लिहिणं आता कायद्यानेच सक्तीचं झालंय बहुतेक.

अनघा_एचआर
आपल्याकडे नाही हो. अमेरिकेत कोलोरॅडो, न्यूयॉर्कमध्ये आहे, तेच वाचलं असेल तुम्ही.
पण मंजिरी, जाहिरात सगळ्यात आधी ऑफिसातली जुनी माणसं वाचतात. आमच्याकडे सकाळी आकडा छापला, दुपारी राजीनामा. तो चार वर्षं 17 वर होता. आधी जुन्यांचे पगार बघा, मग छापा.
आणि प्रत्येक अट वाचताना मी विचारते, हे नसलं तर पहिल्या दिवशी काय अडेल? "अस्खलित इंग्रजी" अशीच उडाली, काम नुसतं बिलं लावायचं. "दुचाकी आवश्यक"च्या जागी "महिन्यातून दोनदा बँकेत जावं लागतं" आलं. ती माणसं बसने जातात, काही अडत नाही.

नीलमताई
जागा आहे का अजून? भाचा बीकॉम झालाय, कात्रजला राहतो. टॅलीचा क्लास केलाय.

टवाळ_पुणेकर
"कुटुंबासारखं वातावरण" वाचून गेलो होतो एकीकडे. खरंच होतं. मालकांच्या सासूबाई डब्यात काय आणलंय ते बघायच्या.

सुहास६१
😂 पण रात्री आठ लिहिल्यावर मुली येतात का?

मंजिरी_के
दोघी त्यावरूनच नाही म्हणाल्या. आधी न सांगता घेतलेल्या तिसऱ्या महिन्यात सोडायच्या. रिक्षाचे पैसे देऊ असं लिहावं का, यावर नवऱ्याशी अजून वाद चालू आहे. नीलमताई, जागा भरली हो.

अनघा_एचआर
लिहा. पण देणार असाल तरच.

टवाळ_पुणेकर
वडापाव कुठला ते नाही लिहिलंत जाहिरातीत.